रकान्यातले हजार रुपये

दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, आमच्या शेजारच्या काकाजींनी सहा करवती साड्या पुण्याच्या एका दुकानदाराकडे कुरिअरने पाठवल्या. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात आमचं गाव आहे. कोसा रेशीम विणणारी घरं आता थोडीच उरली आहेत आणि काकाजींचं त्यातलं एक. काठावरची ती करवतीच्या दातांसारखी नक्षी तीन धोट्यांवर विणावी लागते. मधल्या अंगाचा धोटा वेगळा, दोन काठांचे दोन वेगळे, आणि दर फेकीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. काकाजी आणि काकू दोघं मागावर बसले तरी एका साडीला आठ-दहा दिवस जातात. सहा साड्या म्हणजे दोघांचे जवळपास दोन महिने. दुकानदाराशी ठरलेला भाव साडीमागे ११,००० रुपये होता, एकूण ६६,०००.

तालुक्याच्या गावी कुरिअरच्या काउंटरवर मी काकाजींसोबत गेलो होतो, कारण गल्लीतल्या विणकरांची बँकेची, योजनांची कागदपत्रं मीच लिहून देतो. पोऱ्याने खोकं काट्यावर ठेवलं, ४ किलो २०० ग्रॅम भरलं. ‘काय आहे जी यात?’ म्हणाला. काकाजी म्हणाले, ‘साड्या.’ त्याने संगणकावर ‘कपडा’ असं टाकलं, किमतीच्या रकान्यात १,००० टाकलं, ३८० रुपये घेतले आणि पावती दिली. पाठवणाऱ्याच्या सहीच्या जागी त्यानेच एक रेघ ओढली. हे सगळं दीड-दोन मिनिटांत झालं. मी शेजारी उभा होतो आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

खोकं १६ तारखेला नागपूरच्या हबमध्ये पोचलं. तिथला ‘आत आलं’ हा स्कॅन दिसतो, ‘बाहेर गेलं’ हा स्कॅन कधीच आला नाही. पार्सल कुठे हरवलं हे ओळखायची खूण म्हणजे हा शेवटचा स्कॅन. हबमध्ये सुटी पार्सलं गोण्यांत भरतात, गोणीला सील लागतं, आणि कोणत्या गोणीत कोणते पावती नंबर आहेत याची यादी बनते. तिला मॅनिफेस्ट म्हणतात. पुढच्या हबमध्ये गोणी उघडल्यावर यादीतलं पार्सल नसेल तर ‘शॉर्ट’ अशी नोंद पडते. आमचा नंबर पुढच्या कोणत्याच यादीत चढला नव्हता, म्हणजे खोकं नागपूरच्या त्या छपराखालीच गेलं. हे कळायला आम्हाला महिना लागला, कारण फोनवर कोणी सांगत नव्हतं. स्कॅनचा पूर्ण इतिहास लेखी मागितला तेव्हा तो आला.

डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं. पार्सल सापडत नाही, दिलगीर आहोत, नुकसानभरपाई १,००० रुपये. पावतीच्या मागे बारीक इंग्रजीत छापलेल्या अटीनुसार २,००० रुपये किंवा जाहीर केलेली किंमत, यातलं जे कमी असेल ते.

काकाजींनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, ‘जाहीर कोणी केली जी किंमत? मी तं काही बोललोच नाही.’

हा लेख त्या प्रश्नासाठी लिहितो आहे. कंपनीने पार्सल हरवलं यापेक्षा मला जास्त गंभीर हे वाटतं की पार्सल हरवण्याआधीच, काउंटरवर, काकाजींचे ६५,००० रुपये त्यांच्या हातून गेले होते आणि त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू, कारण बहुतेकांना वाटतं की ही सगळी कंपनीच्या अटींची गोष्ट आहे. तशी ती नाही. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा रस्ता वाहतूक कायदा आहे आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यातल्या वाहकाच्या व्याख्येत ट्रान्सपोर्टवाल्यांसोबत कुरिअर कंपन्याही स्पष्टपणे घेतल्या आहेत. या कायद्याच्या कलम १० ने वाहकाच्या जबाबदारीला मर्यादा घातली, आणि ती किती ते २०११ च्या नियमांतल्या नियम १२ ने ठरवलं. भाड्याच्या दहापट. शिवाय ती रक्कम, पाठवणाऱ्याने माल पाठवताना जी किंमत लिहून दिली तिच्यापेक्षा जास्त होणार नाही.

आता काकाजींचा हिशेब मांडा. भाडं ३८० रुपये, दहापट ३,८००. पण किमतीच्या रकान्यात १,००० आहे, म्हणून ३,८०० वरून खाली १,०००. कंपनीची छापील अट बाजूला ठेवली, तरी सरकारी नियमानेही उत्तर तेच येतं. आणि रकान्यात खरे ६६,००० लिहिले असते तर? तरी ३,८०० च. खरी किंमत नुसती लिहिल्याने काही मिळत नाही, खोटी लिहिल्याने मात्र जातं. पूर्ण किमतीची जबाबदारी वाहकावर टाकायची असेल तर कलम ११ चा रस्ता आहे. वाहक ठरवेल तो जादा जोखीम-दर भरायचा, म्हणजे मग त्याची जबाबदारी ठरलेल्या करारानुसार वाढते. कुरिअरवाले याला रिस्क चार्ज म्हणतात. नंतर मी दुसऱ्या एका कंपनीत चौकशी केली, तर त्यांनी किमतीच्या दोन टक्के सांगितले. ६६,००० वर १,३२० रुपये, जीएसटी वेगळा. साडीमागे २२० रुपये पडतात. ११,००० च्या साडीला हे ओझं नाही. काकाजींनी ते आनंदाने भरले असते, दुकानदाराने अर्धे सोसले असते. त्यांना विचारलंच नाही.

भरपाईला मर्यादा असणं हेच अन्याय आहे, असं मी म्हणत नाही. रागाच्या भरात तसं म्हणणं सोपं आहे, पण ते टिकणार नाही. कुरिअरवाला वजनावर पैसे घेतो. चार किलोच्या खोक्यात जुनी पुस्तकं आहेत की कोसा, हे त्याला बाहेरून कळत नाही. हरवलेल्या प्रत्येक खोक्याची पूर्ण किंमत त्याने द्यायची ठरवली, तर तो सगळ्यांचंच भाडं वाढवेल, आणि शाळेचे दाखले पाठवणारा बाप सराफाच्या मालाचा विमा भरत बसेल. म्हणून ज्याचा माल मौल्यवान त्याने ते सांगावं आणि त्याचे वेगळे पैसे भरावेत, हा विचार रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, ही मर्यादा जिच्यावर उभी आहे ती विचारणा जिथे झालीच नाही, तिथे मर्यादाही उभी राहता कामा नये.

ही विचारणा व्हावी हे कायद्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आधीचा वाहक कायदा १८६५ चा होता. त्याला एक परिशिष्ट जोडलं होतं, मौल्यवान वस्तूंची यादी. त्यात सोनं-चांदी होतं, आणि रेशीमही होतं, विणलेलं आणि न विणलेलं दोन्ही. १०० रुपयांवरची अशी वस्तू असेल तर पाठवणाऱ्याने तिची किंमत आणि वर्णन वाहकाला सांगायचं, वाहकाने हवा तर जादा दर लावायचा. सांगितलं नाही तर वाहक जबाबदार नाही. यादीबाहेरच्या साध्या मालाची जबाबदारी वाहकाला कमी करायची असेल, तर नुसती पाटी लावून चालत नसे. मालकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची सही असलेला वेगळा करार लागे. २००७ च्या कायद्याने ही सहीची अट काढून टाकली आणि दहापट भाड्याची मर्यादा सरसकट सगळ्या मालावर आणली. आता मर्यादा आपोआप लागू असते आणि तिच्यातून बाहेर पडायचं काम पाठवणाऱ्याचं. त्याला ती आहे हे माहीत असो वा नसो.

एक गोष्ट मात्र जुन्या कायद्यातून नव्यात तशीच आली. जादा जोखीम-दर घ्यायचा असेल तर वाहकाने आपल्या जागेत त्या दराची सूचना इंग्रजीत आणि त्या राज्याच्या भाषेत लावलेली असली पाहिजे. म्हणजे आमच्याकडे मराठीत. हे बंधन १८६५ पासून आहे. मी गेल्या काही महिन्यांत भंडारा, तुमसर, मोहाडी भागातले जेवढे कुरिअर काउंटर पाहिले त्यांतल्या एकाही भिंतीवर अशी मराठी सूचना मला दिसली नाही.

का नसावी? कारण कायद्याने सूचना न लावण्याची शिक्षा चुकीच्या जागी ठेवली आहे. कलम ११ नीट वाचलं तर असं दिसतं की, सूचना लावली नसेल तर वाहकाला जादा दर मागता येत नाही. एवढंच. कलम १० ची मर्यादा त्याच्याकडे शाबूत राहते. म्हणजे ज्याने पाटी लावली नाही त्याचा जोखीम-दराचा धंदा तेवढा बुडाला, आणि तो धंदा त्याला नकोच असेल तर काहीच बुडालं नाही. उलट जोखीम न घेता, भाडं घेऊन, दहापटीच्या आत तो सुरक्षित बसला. पाटी नसण्याचं सगळं नुकसान पाठवणाऱ्याच्या वाट्याला.

ही गाठ उलटी बांधायला हवी. पाटी नसेल, किंमत पाठवणाऱ्याने स्वतः सांगून खाली सही केलेली नसेल, तर दहापटीची मर्यादा वाहकाला वापरता येणार नाही, असा नियम व्हावा. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणायचीही गरज नाही असं मला वाटतं. कलम १० मध्ये मर्यादा किती हे लिहिलेलंच नाही. मालाची किंमत, भाडं आणि मालाचं स्वरूप लक्षात घेऊन ती नियमांनी ठरवावी असं म्हटलं आहे. आजचा नियम १२ भाड्यावर उभा आहे. किंमत त्यात येते ती फक्त रक्कम आणखी खाली ओढायला, आणि मालाचं स्वरूप तर कुठेच येत नाही. केंद्र सरकारला हा नियम बदलता येतो.

यावर कुरिअरवाल्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. तालुक्याचा काउंटर बहुतेकदा फ्रँचायझीचा असतो. पार्सलमागे त्याला थोडे रुपये सुटतात. त्याने प्रत्येकाला बसवून कायदा समजावायचा का? आणि पूर्ण किंमत द्यायची म्हटली तर कोणीही खोक्यात विटा भरून ‘कोसा’ लिहील. पहिल्यासाठी भिंतीवर एक मराठी कागद आणि ‘मालाची किंमत किती?’ हा एक प्रश्न पुरतो. काकाजींच्या वेळी तोच विचारला नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की, जाहीर किंमत ही कमाल मर्यादा असते, ती आपोआप मिळणारी रक्कम नसते. नुकसान बिलाने सिद्ध करावंच लागतं. वजनाची नोंद पावतीवर असते, आणि जोखीम-दर भरलेलं खोकं काउंटरवर उघडून बघायचा हक्क कंपनीने खुशाल ठेवावा. आमच्या विणकरांपैकी कोणी त्याला नाही म्हणणार नाही.

आपल्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. किंमत कमी लिहिण्याची सवय आमचीही आहे. काहींना वाटतं जास्त लिहिलं तर टॅक्सवाले विचारतील. त्याहून मोठी भीती दुसरी आहे. काकूंनीच मला ती सांगितली, ‘जास्त लिवलं का पोट्टे पाहातेत, मंग खोकंच गायब करतेत.’ ही भीती खोटी नाही. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर ६६,००० दिसले तर हबमध्ये हाताळणाऱ्या दहा माणसांना ते दिसतात. म्हणून किंमत पावतीवर आणि संगणकात असावी, खोक्यावरच्या लेबलवर छापू नये. हे करायला पैसे लागत नाहीत, आणि ज्या दिवशी ते होईल त्या दिवसापासून लोक खरी किंमत सांगायला धजावतील.

पोस्टाने पाठवा, असं काही जण सुचवतात. पोस्टाचं जाळं गावात आहे, पण हरवल्यावरची बाजू तिथे वेगळीच आहे. २००७ च्या कायद्याच्या व्याख्येतून सरकार वगळलं आहे, आणि २०२३ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या कलम १० प्रमाणे नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी पोस्टावर येते. तिथे मौल्यवान वस्तू विमा उतरवूनच पाठवावी.

मग ज्याचं आजच हरवलं आहे त्याने काय करायचं? काकाजींच्या प्रकरणात आम्ही जिथे अडखळलो ती जागा आधी सांगतो. २००७ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे दावा करण्यापूर्वी वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. पार्सल हरवल्याचं कळलं त्या दिवसापासून नाही. १४ ऑक्टोबरपासून १८० दिवस १२ एप्रिलला संपत होते. इकडे डिसेंबरचं पत्र आल्यावरही फोनवर ‘तपास चालू आहे’ हेच ऐकू येत होतं, आणि तेवढ्यात पाच महिने निघून गेले. नोटीस मार्चच्या अखेरीला गेली, पोचपावतीसह. आणखी पंधरा दिवस भरवशावर राहिलो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं.

बाजूने असलेली गोष्ट अशी की, निष्काळजीपणा कोणाचा आणि चोरी कोणी केली हे पाठवणाऱ्याने सिद्ध करावं लागत नाही. कलम १२ मध्ये तसं स्पष्ट आहे. खोकं दिलं आणि ते पोचलं नाही, एवढं दाखवलं की पुरे. खरा वाद उरतो तो मर्यादेचा. इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा भारती निटिंग कंपनीचा निकाल कंपन्या नेहमी पुढे करतात. त्यात एका निर्यातदाराची जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं कुरिअरने पोचवलीच नव्हती. राज्य आयोगाने चार लाखांवर भरपाई दिली होती, ती पावतीवरच्या अटीमुळे १०० डॉलरवर आली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. पण त्या निकालाचा कणा असा की, अटी असलेल्या कागदावर माणसाने सही केली की तो सामान्यतः त्याने बांधला जातो. काकाजींची सही कुठे आहे? सहीच्या जागी काउंटरवाल्याची रेघ आहे आणि किंमतही त्यानेच टाकलेली आहे. कायद्याप्रमाणे माल पाठवणीचा कागद आणि त्यातली किंमत पाठवणाऱ्याने द्यायची असते. ती त्याने दिलीच नाही, तर तिच्याने त्याला कसं बांधायचं, हाच आमच्या तक्रारीचा मुद्दा आहे. आणि म्हणूनच मी आता गल्लीत सगळ्यांना सांगतो की, काउंटरवर दुसऱ्याला आपली सही करू देऊ नका आणि पावतीचा फोटो मागून-पुढून काढून ठेवा.

तक्रार भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथे ती करता येते. पण त्याच कायद्यात एक उंबरठा आहे. करारातली अट अन्यायकारक म्हणून रद्द करून मागायची असेल, तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही. राज्य आयोगापासून पुढे आहे. म्हणजे आम्हाला नागपूरचं खंडपीठ. ज्याचे ६६,००० गेले त्याने आपल्याच जिल्ह्यात ‘ही अट चुकीची आहे’ असं म्हणून ती रद्द करून घ्यावी, एवढी सोय कायद्याने द्यायला हवी होती. ती नसल्याने आम्ही अट रद्द करा असं मागितलेलं नाही. अट आम्हाला दाखवलीच नाही, असं म्हटलं आहे.

प्रकरण अजून चालू आहे. कंपनीच्या वकिलांनी एकदा तारीख वाढवून घेतली. पुण्याच्या दुकानदाराने पैसे द्यायचे नाकारले, आणि माल त्याच्या हाती पडलाच नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही.

काकाजींनी तेव्हापासून कुरिअर सोडलं आहे. चार-सहा साड्या झाल्या की पिशवीत भरून, नागपूरहून रात्रीची गाडी धरून ते स्वतः पुण्याला जातात. जायला एक दिवस, यायला एक दिवस, मध्ये दुकानदार भेटेपर्यंत एखादा दिवस. काठाचे धोटे परत फिरवायला समोर दुसरा माणूस लागतो, काकू एकट्या ते करू शकत नाहीत. ते तीन दिवस माग बंद असतो.